पाचवीच्या दिवशी झोपलेलं बाळ

नमस्कार श्रोतेहो. पाचवीच्या पूजेची गडबड, घरात पाहुणे, आणि बाळ कसं, तर एकदम शांत. "किती गुणाची आहे हो, सकाळपासून उठलीच नाही!" आजी कौतुकानं सांगत होत्या. मला मात्र तिथेच धस्स झालं.

पहिल्या आठवड्यात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं. पण दर दोन-तीन तासांनी भुकेनं जागं होतं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. म्हणून किती वेळ झोपलं हे मोजण्यापेक्षा उठवल्यावर काय करतं ते पाहा. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपायाला टिचकी मारा. निरोगी बाळ तोंड वेडंवाकडं करेल, रडेल आणि अंगावर ओढू लागेल. ही मुलगी किंचित डोळे उघडून पुन्हा मिटत होती. दोनदा चोखलं की तोंड सुटायचं. हात उचलून सोडला तर तो ओल्या फडक्यासारखा पडायचा.

जन्माचं वजन 2700 ग्रॅम होतं, पाचव्या दिवशी 2300 भरलं. पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतंच, पण दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरलं तर दूध पोटात जात नाहीये. आदल्या दिवसभरात लंगोट दोनदाच ओले झाले होते. पाचव्या दिवशी सहाच्या आसपास व्हायला हवेत. खिडकीपाशी नेऊन कपाळ बोटानं दाबलं तर कातडी पिवळी, तळपायसुद्धा पिवळे. कावीळ वाढली की बाळ सुस्त होतं, सुस्त बाळ पीत नाही, न प्यायल्यानं शी कमी होते आणि शीवाटे बाहेर पडायचा पिवळा रंग अंगातच साचतो. तो फार वाढला तर मेंदूला इजा होते. कोवळ्या उन्हात धरून अशी कावीळ उतरत नाही.

प्रत्येक सुस्त बाळाला कावीळच असते असं नाही. जंतुसंसर्गातही असंच होतं, रक्तातली साखर उतरली तरीही. ताप येईलच असं नाही. उलट अंग गार लागू शकतं. घरी बसून हे ओळखता येत नाही, आणि ओळखायची गरजही नाही. बाळ जागं होत नाही किंवा ओढत नाही, एवढ्यावर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. शुद्धीत नसलेल्या बाळाच्या तोंडात बोंडल्यानं दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जायफळाची गुटी तर नकोच, झोप आणखी वाढेल. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घालून निघा. 108 ला फोन करा. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत.

त्या मुलीला निळ्या दिव्याखाली ठेवलं, नळीनं आईचंच दूध दिलं. तिसऱ्या रात्री तिनं अख्खा वॉर्ड रडून जागा केला, तेव्हा तिची आई हसत होती.