साताऱ्याच्या हवेत तोललेला वायू

[दृश्य: खिडकीतून अजिंक्यतारा. आत प्रयोगशाळेचं टेबल, त्यावर तोटी असलेला काचेचा गोल बल्ब.]

रबरी पिशवीत एक वायू भरून ठेवलाय. त्याला रंग नाही, वासही नाही. मॅडमना तो कोणता ते ठाऊक आहे, मुलांना नाही. मुलांकडे हा बल्ब आहे, मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आहे, तापमापी आहे आणि भिंतीवर पाऱ्याचा वायुभारमापक आहे. एवढ्या सामग्रीवर त्यांना वायूचं मोलर वस्तुमान काढायचंय, म्हणजे त्याच्या एका मोलचं वजन किती ग्रॅम भरतं ते.

सूत्र अकरावीतलंच आहे. PV = nRT मध्ये n च्या जागी वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान लिहायचं आणि वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता, एवढं ध्यानात ठेवायचं. मांडणी बदलली की हाती येतं:

M = dRT/P

घनता, तापमान आणि दाब, एवढं कळलं की पुरे. वायू कुठला आहे हे सूत्राला आधी सांगावं लागत नाही. त्याची खरी ताकद यातच आहे.

[दृश्य: पंपाची नळी बल्बला जोडली जाते. तोटी बंद होते. बल्ब काट्यावर.]

पंपाने बल्बमधली हवा काढून घेतली. रिकाम्या बल्बचं वजन १४८.२१६ ग्रॅम. मग पिशवीतला वायू आत सोडला. पिशवी हलकेच दाबून भरल्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून तोटी क्षणभर उघडून लगेच बंद केली. आता आत आणि बाहेर दाब सारखा. पण हाताच्या उबेने काच तापलेली असते, त्यामुळे तोटी उघडण्याआधी बल्ब काही वेळ तसाच राहू द्यावा लागतो. ही घाई हमखास नडते. वायूचं तापमान खोलीच्या तापमानाइतकं झालेलं नसेल, तर तापमापीतला आकडा खरा असूनही त्या वायूचा नसतो.

भरलेला बल्ब १४८.६४८ ग्रॅम. वायूचं वस्तुमान ०.४३२ ग्रॅम.

आकारमान मोजायचं ते सगळ्यात शेवटी. बल्ब पाण्याने काठोकाठ भरून तोलायचा आणि पाण्याच्या वजनावरून आतली जागा काढायची. ती भरली ०.२६३३ लिटर. हे आधी केलं असतं तर आत राहिलेल्या दोन-चार थेंबांनी सगळं वजन बिघडवलं असतं, कारण मुळात वायूचं वजनच अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी आहे.

घनता आली लिटरला १.६४ ग्रॅम. तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन.

आता दाब.

[दृश्य: मोबाइलवर हवामानाचं ॲप, आकडा १०१०. मग पाऱ्याचा स्तंभ जवळून.]

एका मुलाने मोबाइल काढला. ॲपवर साताऱ्याचा दाब दिसतोय १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे १०१ किलोपास्कल. पुस्तकातल्या एका ॲटमॉस्फिअरच्या अगदी जवळचा आकडा, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. त्याने गणित केलं:

M = १.६४ × ८.३१४ × ३०० ÷ १०१ = ४०.५

आरगॉनचं मोलर वस्तुमान ३९.९५. आरगॉनलाही रंग नाही, वास नाही. "मॅडम, आरगॉन आहे!"

मॅडम त्याला भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे पारा, तापमानाची दुरुस्ती धरून, ६९८ मिलिमीटरवर उभा आहे. ७६०वर नाही. ६९८ मिलिमीटर म्हणजे ९३ किलोपास्कल.

मोबाइल खोटं बोलत नव्हता. हवामानाच्या नकाशावर मुंबई आणि महाबळेश्वर यांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतात. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे, आणि या उंचीपर्यंत दर शंभर मीटरला दाब साधारण अकरा-बारा हेक्टोपास्कलने उतरतो. त्यामुळे इथे प्रत्यक्षात ९३०च्या आसपास दाब असतो, सांगलीत ९५०च्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६०-८७०. बल्बमधल्या वायूला समुद्रसपाटीशी देणंघेणं नाही. तोटी उघडली तेव्हा खोलीत जो दाब होता, तोच त्याचा दाब.

M = १.६४ × ८.३१४ × ३०० ÷ ९३ = ४४.०

आरगॉन बाद. मला यात सर्वांत धोक्याचं वाटतं ते हे, की चुकीचं उत्तर विचित्र दिसत नाही. तो आकडा एखाद्या खऱ्याखुऱ्या वायूपाशी जाऊन बसतो. तापमान केल्विनऐवजी २७ असंच घातलं तर याच मापांवरून उत्तर येतं ३.९६, आणि हेलियम ४ चा आहे!

[दृश्य: दुसरा गट. तोटी उघडी असलेला बल्ब काट्यावर.]

दुसऱ्या गटाचं उत्तर आलं १५. जवळपास मिथेन. त्यांनी पंप लावलाच नव्हता. हवा भरलेल्या बल्बलाच रिकामा समजून तो तोलला, आणि मग हवा हाकलून वायू भरला. वजनातला फरक आला ०.१४८ ग्रॅम. पण हे वायूचं वजन नव्हे. वायू हवेपेक्षा किती जड, तेवढंच ते सांगतं. कोरड्या हवेचं सरासरी मोलर वस्तुमान २८.९६ आणि वायूचं ४४, त्यातला फरक १५.

ही चूक त्यांच्याच नोंदवहीत दिसत होती. वायू भरल्यावर बल्ब हवेच्या वेळेपेक्षा जड झाला होता. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तेव्हा बल्ब हलका व्हायला हवा होता. उत्तर एकीकडे आणि काटा दुसरीकडे जात असेल तर काट्याचं ऐकावं.

दाबाची चूक मात्र अशी दिसत नाही. ती पकडायला ओळखीचा वायू लागतो. बल्बमध्ये कोरडी हवा घेऊन हीच मोजणी करायची. उत्तर २९च्या जवळ आलं तर मापं विश्वासाची. १०१ किलोपास्कल धरून केलं तर साताऱ्यात साधी हवासुद्धा २६.७ची निघते, आणि मग मापात खोट आहे हे कळतं.

[दृश्य: फळ्यावर ४४.]

४४ आलं, तरी नाव कळलेलं नाही. कार्बन डायऑक्साइड ४४.०१, नायट्रस ऑक्साइड ४४.०१, प्रोपेन ४४.१०. आपल्या काट्यावर शेवटच्या मिलिग्रॅमचा भरवसा नाही आणि वायुभारमापक वाचताना थोडं मागेपुढे होतंच, त्यामुळे उत्तरात दोन-तीन दशांशांची ढिलाई धरावी लागते. एवढ्या ढिलाईत हे तिघे वेगळे होत नाहीत. शिवाय पिशवीत दोन वायूंचं मिश्रण असतं, तरी सूत्राने सरासरीच दिली असती.

इथून पुढे रसायनाचं काम. तिघांत प्रोपेन असल्यामुळे जळती काडी आधी जवळ न्यायची नाही. म्हणून पहिली चाचणी चुन्याच्या निवळीची.

[दृश्य: परीक्षानळीत बुडबुडे. निवळी हळूहळू दुधाळ होते.]

निवळी दुधाळ झाली. नायट्रस ऑक्साइड आणि प्रोपेनने ती तशी होत नाही. सल्फर डायऑक्साइडने होते, पण त्याचं मोलर वस्तुमान ६४, आणि आपल्या बल्बमधला वायू ४४चा. तेव्हा पिशवीत आहे तो कार्बन डायऑक्साइड.