पिटॉनची सावली

[दृश्य: शुद्ध नवमीचा चंद्र. कॅमेरा हळूहळू उत्तरेकडच्या काळ्या मैदानाजवळ जातो.]

चंद्राच्या उत्तर भागातलं हे काळं, सपाट मैदान म्हणजे मारे इम्ब्रियम. त्याच्या पूर्व कडेला एक एकटा डोंगर उभा आहे, पिटॉन. आत्ता तिथे नुकतीच सकाळ झाली आहे. सूर्य पूर्वेकडे, क्षितिजाच्या जरासाच वर आलाय आणि डोंगराची सावली पश्चिमेला मैदानावर लांबच लांब पसरली आहे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे ती काळीकुट्ट दिसते. या एका फोटोवरून पिटॉनची उंची काढता येते.

[दृश्य: तोच फोटो मोठा करून. पिटॉन आणि उजवीकडे कॅसिनी विवर.]

आधी अंतर मोजायला फूटपट्टी हवी. ती शेजारीच आहे. पिटॉनच्या उजवीकडे जवळपास त्याच अक्षांशावर कॅसिनी नावाचं विवर आहे, 57 किलोमीटर व्यासाचं. फोटोत ते लंबगोल दिसतं, कारण चंद्राचा गोल इथे उत्तरेकडे वळत जातो आणि उत्तर-दक्षिण अंतरं दबतात. पूर्व-पश्चिम रुंदी मात्र इथे जवळजवळ खरी दिसते, आणि आपली सावलीही त्याच दिशेने पडली आहे. म्हणून विवराची आडवी रुंदी तेवढी मोजायची. समजा ती 114 पिक्सेल भरली, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा किलोमीटर.

आता सावली. ती कुठून मोजायची, इथे बरेच जण चुकतात. डोंगराच्या पायथ्यापासून नाही, शिखरापासून मोजायची. पिटॉनचा पायथा सुमारे 25 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे सावलीचा बराच भाग डोंगराच्या स्वतःच्याच उतारावर पडतो. उजळ उतार जिथे संपतो आणि काळं सुरू होतं, ती कड म्हणजे शिखर. तिथून सावलीच्या टोकापर्यंत 54 पिक्सेल भरले असं धरू. म्हणजे 27 किलोमीटर.

[दृश्य: काटकोन त्रिकोणाचं रेखाटन.]

उरला सूर्याचा कोन. फोटोची नेमकी वेळ दिली की चंद्राच्या नकाशाचं सॉफ्टवेअर पिटॉनवरून सूर्य किती वर दिसत होता ते सांगतं. आपल्या उदाहरणात तो 5.2 अंश घेऊ. या कोनाचा टॅन 0.091 आहे. त्याला 27 ने गुणलं की 2.46 किलोमीटर येतात.

पण हे सपाट जमिनीचं उत्तर झालं. चंद्र लहान आहे, त्याची त्रिज्या 1737 किलोमीटर. शिखरापासून 27 किलोमीटर गेल्यावर जमीन वळून खाली गेलेली असते, म्हणून सावली सपाट जमिनीवर पडली असती त्याहून लांब पडते. किती खाली, तर अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, म्हणजे 0.21 किलोमीटर. ते वजा केले की उरतात 2.25 किलोमीटर. पिटॉनची नकाशांमध्ये दिली जाणारी उंचीही साधारण एवढीच आहे.

[दृश्य: सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तारीख आणि वेळ.]

भारतातून फोटो काढणाऱ्याने एक गोष्ट सांभाळायलाच हवी. कॅमेऱ्यातली वेळ भारतीय असते, सॉफ्टवेअरला बहुधा जागतिक वेळ लागते. साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर सूर्य दोन अंशांहून जास्त वर दाखवला जातो आणि पिटॉन सव्वातीन किलोमीटरचा होऊन बसतो! चूक ओळखणं सोपं आहे. उजेड आणि अंधार यांची सीमारेषा सॉफ्टवेअरमध्ये आणि फोटोत त्याच विवरांवरून जाते का, ते पाहायचं.

[दृश्य: सावलीचं टोक, खूप मोठं करून.]

हे टोक मात्र कितीही मोठं केलं तरी रेखीव दिसणार नाही. सूर्य बिंदू नाही, ती अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे इथे सावलीची शेवटची जवळपास तीन किलोमीटर धूसरच असतात, आणि उंचीत दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. सूर्य आणखी खाली असताना सावली लांब मिळते, पण टोक जास्तच विरतं आणि मैदानातल्या बारीक उंचवट्यांवर चढतं. उलट सूर्य फार वर आला की पिटॉनची सावली दिसतच नाही. तो दिसतो तसा सुळका नाही, त्याचा सरासरी उतार दहा अंशांच्या आसपास आहे. सूर्य त्याहून बराच वर गेला की मागचा उतारही उजळतो.

आणि ही उंची कशापासूनची? चंद्रावर समुद्रसपाटी नाही. सावलीचं टोक जिथे टेकलं, त्या पश्चिमेकडच्या जमिनीपासून ही सव्वादोन किलोमीटर मोजलेली आहेत. पूर्वेकडच्या जमिनीपासूनची उंची हवी असेल, तर वद्य सप्तमी-अष्टमीच्या उत्तररात्री उठायचं. तेव्हा पिटॉनवर संध्याकाळ असते आणि सावली उलट बाजूला, कॅसिनीच्या दिशेने पडते. दोन्ही उत्तरांतला फरक धूसरपणाच्या चुकीपेक्षा मोठा आला, तर डोंगराच्या दोन बाजूंची जमीन एका पातळीत नाही.