कार्डाची डबी आणि पहिलं थ्रीडी सॉफ्टवेअर

(ठाण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मशीनचे भाग काढायचेत, प्रिंट करायचेत आणि थोडं अॅनिमेशनही हवंय, तर सुरुवात फ्रीकॅडपासून करा. ब्लेंडर नंतर, तेही फक्त हालचाल दाखवण्यापुरतं. दोन्ही मोफत आहेत, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही, क्रमाचा आहे.

ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्याच्या खिशातली कार्डाची डबी घ्या, बिजागरीच्या झाकणाची. कार्ड 85.6 बाय 54 मिलिमीटर, म्हणून आतली जागा 87 बाय 55.5 ठेवू. प्रिंटरचं नोझल 0.4 चं असेल तर भिंत 1.6 ची, म्हणजे बरोबर चार रेघा. बिजागरीची पिन वेगळी करायची गरज नाही, 1.75 च्या फिलॅमेंटचा तुकडाच पुरतो.

भोकही 1.75 चंच काढलंत की पिन आत जात नाही. प्रिंटरमधून भोक नेहमी थोडं लहान येतं, कारण वितळलेलं प्लास्टिक आतल्या बाजूला फुगतं. मग 2.1 करून बघायचं. फ्रीकॅडमध्ये स्केच उघडून तो एक आकडा बदलला की बाकीचं मॉडेल आपोआप जुळवून घेतं. ब्लेंडरमध्ये एकदा पक्कं केलेलं भोक म्हणजे नुसते त्रिकोण असतात. तिथे व्यास नावाचा आकडाच उरत नाही. पहिला प्रिंट क्वचितच बसतो, म्हणून माझं मत फ्रीकॅडला.

फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होईपर्यंत मापं द्या, मगच `Pad` करा, म्हणजे स्केचला जाडी द्या. कडांची गोलाई, म्हणजे `Fillet`, सगळ्यात शेवटी. आधी केलीत आणि नंतर मूळ आकार बदललात, तर ती चुकीच्या कडेला चिकटते किंवा लाल खूण देऊन बसते. 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला, संपला नाही.

आता अॅनिमेशन. डबी आणि झाकण जोडलेल्या स्थितीतच, पण दोन वेगळ्या STL फायली करून काढा. STL मध्ये एकक नसतं. ब्लेंडर 87 ला 87 मीटर समजतं आणि डबी इमारतीएवढी येते. आयात करताना `Scale` 0.001 द्या. त्यानंतर `Edit Mode` मध्ये झाकणाच्या दोन्ही टोकांच्या भोकांच्या कडा निवडून `Shift+S`, `Cursor to Selected`. मग `Object Mode` मध्ये `Origin to 3D Cursor`. ही पायरी राहिली तर झाकण बिजागरीवर फिरत नाही, डबीतून आरपार जातं. पिन X अक्षावर असेल तर पहिल्या फ्रेमवर `I` दाबून झाकणाची स्थिती नोंदवा, 48 व्या फ्रेमवर `R X 110`, एंटर, पुन्हा `I`. झाकण आत वळलं तर -110 द्या. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर झाकण दोन सेकंदांत उघडतं.