पाणी नेमकं किती लांब असतं?

[दृश्य : गाडीच्या समोरच्या काचेतून सरळ रस्ता. भर दुपार.]

सकाळचं निघणं, सामानाची बांधाबांध, खिडकीच्या जागेवरून झालेलं भांडण यातलं काहीच आमच्याकडे नाही. कॅमेरा सुरू झाला तो इथे. रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत सरळ, दोन्ही बाजूंना उघडी जमीन, आणि पुढे डांबरावर चकाकणारं पाणी.

"मामा, पुढे पाणी साचलंय."

मामा गाडी चालवतो आहे. तो नुसतं "बरं" म्हणतो. पाणी जवळ येत नाही. मागे बसलेली त्याची भाची दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून बघत राहते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाणी तितकंच लांब. शेवटी ती म्हणते, "हे आपल्याला बघून मागे सरकतंय."

हे वाक्य ऐकल्यावर मामा गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली उतरवून थांबवतो.

[दृश्य : कॅमेरा डांबराला जवळजवळ टेकलेला. थरथरणारी हवा.]

मृगजळ म्हणजे डोळ्यांना झालेला भास, असं आपण सहज म्हणतो. पण हे चित्र कॅमेऱ्याने टिपलं आहे, आणि कॅमेऱ्याला भास होत नाहीत. समोर दिसणारा उजेड खरोखरच त्या दिशेने येतो आहे. चूक होते ती एवढीच, की आपण त्याला पाणी म्हणतो. तो आहे आकाशाचा तुकडा.

आकाश रस्त्यावर कसं आलं, हे सांगायला मामाने कागद-पेन्सिल काढली नाही. गाडीतली एक लांब काठी काढली.

[दृश्य : काठीचं एक टोक मामाच्या हातात, दुसरं तिच्या. मामा कडक जमिनीवर, ती भुसभुशीत वाळूत.]

दोघांनी काठी आडवी धरली आहे आणि दोघं सरळ पुढे चालताहेत. मामाचे पाय पटपट पडतात, तिचे वाळूत रुततात. दहा पावलांत काठी तिरकी होते आणि दोघंही नकळत तिच्या बाजूला वळतात. तिने ओढलेलं नाही, मामाने ढकललेलं नाही. एक टोक मागे पडलं, म्हणून वाट वळली.

उजेडाचंही हेच होतं. तापलेल्या डांबराला चिकटलेली हवा गरम, म्हणून विरळ. विरळ हवेतून उजेड किंचित वेगाने जातो. वरची हवा त्या मानाने थंड आणि दाट, तिथे तो किंचित हळू. आकाशातून तिरप्या वाटेने रस्त्याकडे उतरणाऱ्या उजेडाची खालची कड पुढे निघते, वरची मागे राहते. मग काठी तिच्याकडे वळली तसा उजेड वर वळतो, रस्त्याला न टेकताच आपल्या डोळ्यांत येतो. डोळा मात्र त्याच्या शेवटच्या दिशेवर विश्वास ठेवतो, आणि ती दिशा रस्त्याकडे बोट दाखवते.

"म्हणजे रस्ता आरसा झाला?"

जवळपास. फरक इतकाच, की आरशाला पृष्ठभाग असतो, उजेड त्यावर आपटून परततो. इथे आपटणं नाही, हळूहळू वळणं आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत एक खजुराचं झाड, एक उंट आणि एका बिंदूवर कोपरा करून परतणारी बाण लावलेली रेघ असते. ती रेघ पाहून हे समजायला मलाही बरीच वर्षं लागली. काठीने दोन मिनिटं घेतली.

[दृश्य : वाळवंटातलं जुनं रेखाचित्र.]

1798 मध्ये नेपोलियनचं सैन्य इजिप्तमध्ये उतरलं, तेव्हा तहानलेल्या सैनिकांना दूरची गावं तळ्यात उभ्या बेटांसारखी दिसू लागली. मोहिमेबरोबर आलेले गणितज्ञ गास्पार मोंज यांनी त्याचा खुलासा केला : तापलेल्या जमिनीजवळची हवा.

[दृश्य : ती डांबराच्या कडेला बसते, उभी राहते, मामाच्या खांद्यावर चढते.]

आता आमचा सगळ्यात आवडता भाग. उजेड वळतो, पण अगदी थोडा. हवा 35 अंश सेल्सिअस आणि डांबर 60 अंश धरलं, तर हे वळण साधारण पाऊण अंशाएवढंच भरतं. म्हणून पायाजवळ मृगजळ कधी दिसत नाही. तिथे नजर फार उभी पडते. नजर रस्त्याला जवळजवळ समांतर झाली, तरच वळलेला उजेड डोळ्यांपर्यंत पोचतो. ढोबळ हिशेब असा, की पाणी आपल्या डोळ्यांच्या उंचीच्या 160 पट अंतरावर सुरू होतं.

ती बसते. डोळे जमिनीपासून अर्धा मीटर, पाणी 80 मीटरवर. उभी राहते. डोळे 1.2 मीटरवर, पाणी 190 मीटरच्या पुढे. मामाच्या खांद्यावर 2.4 मीटर, तर पाणी पावणेचारशेच्याही पलीकडे. चित्रात खांब मोजा. प्रत्येक वेळी पाण्याचा काठ वेगळ्या खांबाशी आहे. खांदा, जमीन, पुन्हा खांदा. हे तिने सात वेळा केलं. आम्ही तीनच ठेवले आहेत.

गाडीत बसल्यावर तिचे डोळे पुन्हा सव्वा मीटरच्या आसपास. ताशी 80 किलोमीटर वेगाने 190 मीटर म्हणजे साडेआठ सेकंद. सबंध दुपार ते पाणी तिच्यापासून साडेआठ सेकंद पुढे पळत होतं. ज्याच्यावरून हे नाव पडलं, त्या हरणाचे डोळे मीटरभर उंच धरले, तर बिचाऱ्याचं पाणी कायम 160 मीटर पुढे.

[दृश्य : समोरून येणारा ट्रक. खाली त्याचीच उलटी प्रतिमा. दिव्यांच्या दोन जोड्या.]

हा ट्रक बघा, आधी तो हवेत तरंगतो. चाकं दिसत नाहीत, कारण चाकांकडून येणारा उजेडही वर वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो. त्या चकाकीच्या मागे रस्त्यावर पडलेला दगड किंवा फुटका टायरही असाच लपतो, त्यामुळे मामा तिथे ओव्हरटेक करत नाही.

[दृश्य : वाऱ्याची झुळूक. पाणी फाटतं, पुन्हा जुळतं.]

वारा सुटला, की गरम थर ढवळला जातो आणि चकाकी तुटक होते. ढग आला तरी ती लगेच जात नाही. डांबर निवायला वेळ घेतं.

[दृश्य : संध्याकाळ. तिरपं ऊन. दूर रस्त्यावर काळसर चमक.]

मामा काही बोलत नाही. ती सीटच्या कडेवर येते, मान ताणून उंच होते. मग हनुवटी टेकेपर्यंत खाली वाकते. पुन्हा उंच. चमक एकाच खांबापाशी आहे, आणि तो खांब जवळ येतो आहे.

"मामा, काच वर घे."

[आवाज : टायरखाली उडणारं पाणी.]