आचारसंहितेतलं एक कलम, तक्रार आल्यावर

मंडळी, आज मी एकाच कलमावर बोलणार आहे. आचारसंहितेत पाहुणचार, गोपनीयता, छळ, समाजमाध्यमं असं बरंच काही असतं. पण कलम कसं लिहायचं हे शिकायचं असेल तर हितसंबंधांचं कलम घ्यावं, कारण बहुतेक संस्थांत ते सगळ्यात सुंदर भाषेत लिहिलेलं असतं आणि सगळ्यात कमी वापरलं जातं.

नेहमीचा मसुदा साधारण असा असतो: “सदस्यांनी हितसंबंधांचा संघर्ष टाळावा, निःपक्षपातीपणे वागावे आणि संस्थेचे हित सर्वोच्च मानावे.” वाचून कुणीही मान डोलावेल. आता याच्यावर एक तक्रार घालून बघू. प्रसंग कल्पित आहे. खरेदी समितीच्या एका सदस्याच्या मेहुण्याची कंपनी आहे. तिचं दरपत्रक आलं, सदस्य बैठकीला बसले, काम त्या कंपनीला मिळालं. महिन्याभरानं कुणीतरी तक्रार केली. सदस्यांचं उत्तर तयार आहे: त्यांचेच दर सगळ्यात कमी होते, मी अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं, संस्थेचा फायदाच झाला. अध्यक्षांना नीट आठवत नाही. इतिवृत्तात काही नाही.

चौकशी करणाऱ्यानं आता काय ठरवायचं? सदस्य निःपक्षपाती होते का, म्हणजे त्यांच्या मनात काय होतं ते. ते कुणाला सांगता येणार? दोन माणसं चौकशीला बसवली तर दोन निकाल येतील, आणि ते बहुधा सदस्य त्यांना किती आवडतात यावर ठरतील. कलम इथं कोसळतं. शिवाय “टाळावा” म्हणताना आपण सदस्यांना एक अशक्य गोष्ट सांगितली. मेहुणा आहे तो आहे. त्याला टाळता येत नाही. नातं असणं हा दोष नव्हेच. दोष कुठल्या कृतीत आहे, हे कलमानं सांगायला हवं होतं.

मसुदा नव्यानं लिहायचा तो तिथूनच. आपल्याला खरं म्हणजे दोनच गोष्टी हव्यात: सदस्यानं वेळेत लेखी सांगावं, आणि त्या विषयापुरतं बाहेर जावं. दोन्ही घडल्या की नाही, हे कागदावर दिसतं. मी असं लिहीन:

“खरेदी समितीच्या सदस्याचे स्वतःचे, जोडीदाराचे, किंवा स्वतःच्या अथवा जोडीदाराच्या आई-वडिलांचे, भावंडांचे वा मुलांचे एखाद्या पुरवठादाराकडे मालकी, भागीदारी किंवा पगारी काम असल्यास, ते कळल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत आणि त्या पुरवठादाराविषयीच्या चर्चेपूर्वी सदस्य सचिवांना लेखी कळवील. त्या विषयाची चर्चा व मतदान सुरू असताना तो बैठकीत थांबणार नाही. त्याचे जाणे व परत येणे सचिव इतिवृत्तात नोंदवतील.”

भाषा रूक्ष आहे, कबूल. पण आता तीच तक्रार पुन्हा लावा. जोडीदाराचा भाऊ यादीत बसतो. सचिवांकडे पत्र आहे का? नाही. इतिवृत्तात बाहेर गेल्याची नोंद आहे का? नाही. कलमाचा भंग झाला, आणि ते ठरवायला सदस्यांच्या सचोटीबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही. दर कमी होते हा बचावही गळून पडतो, कारण कलमानं दरांबद्दल काही विचारलेलंच नाही. सदस्यांच्या दृष्टीनंही हे बरं. पत्र देऊन बाहेर गेलेल्या माणसावर उद्या मेहुण्याला काम मिळालं म्हणून बोट ठेवता येत नाही.

“कळल्यापासून” हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. मेहुण्यानं गेल्या आठवड्यात भागीदारी घेतली आणि घरी सांगितलीच नाही, तर सदस्याला दोषी धरता येणार नाही. उलट बाजूनं, “शक्यतो”, “योग्य वेळी”, “आवश्यक वाटल्यास” हे शब्द मसुद्यात दिसले की तिथं थांबा. योग्य वेळ कुठली हे ठरवायचं काम अशा वेळी ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्याच हातात जातं.

आता कुणी विचारेल, चुलतभाऊ असेल तर? जिवलग मित्र असेल तर? प्रश्न रास्त आहे. यादी केली की यादीबाहेरची वाट उघडतेच. तिथं पुन्हा “इतर कोणतेही निकटचे संबंध” असं लिहिण्याचा मोह होतो, आणि आपण परत पहिल्या मसुद्यासारख्या मोघम घोषणेवर येतो. त्याऐवजी विचारण्याची सोय लिहावी: यादीत न बसणाऱ्या संबंधाबद्दल शंका असेल तर सदस्यानं चर्चेपूर्वी सचिवांना लेखी विचारावं, उत्तर येईपर्यंत विषयात भाग घेऊ नये, सगळी माहिती देऊन मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागल्यास त्याच्यावर कारवाई होणार नाही. शेवटचं वाक्य नसेल तर कुणी विचारायलाच येत नाही, कारण विचारणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं होतं. तरीही ज्यानं विचारलंच नाही त्या मित्राचं काय? तो सुटेल. धूसर कलमात तोही सुटला असता, आणि एखादा निरपराध अडकलाही असता.

शिक्षेबद्दल थोडक्यात. “कठोर कारवाई केली जाईल” हे वाक्य धमकीचं काम करतं, नियमाचं करत नाही. पत्र 2 दिवस उशिरा दिलं आणि संबंध लपवून मतदान केलं, यांत फरक करणाऱ्या पायऱ्या लिहा. निर्णय कोण घेईल ते लिहा, आणि तक्रार त्याच माणसाविरुद्ध असेल तर कोण घेईल तेही. ही दुसरी ओळ जवळजवळ नेहमी राहून जाते.

खरी गोम मात्र अपवादात असते. एन्रॉन या अमेरिकी कंपनीनं 2000 साली छापलेली आचारसंहिता 64 पानांची होती. हितसंबंधांचा नियमही कंपनीत मोघम नव्हता: कंपनीशी व्यवहार करणाऱ्या संस्थेत अधिकाऱ्याचा आर्थिक वाटा नसावा. पण त्याला एक दार होतं. कंपनीच्या हिताला बाधा येत नाही असं वरिष्ठांनी ठरवलं तर परवानगी देता येत होती. 1999 मध्ये मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांना संचालक मंडळानं अशी मोकळीक दिली. त्यांनी चालवलेल्या भागीदारी संस्था एन्रॉनशीच व्यवहार करू लागल्या. मंडळानं अंकुश ठेवले होते: प्रत्येक व्यवहार लेखा आणि जोखीम विभागांच्या प्रमुखांनी तपासायचा, वर्षातून एकदा समितीनं आढावा घ्यायचा. फेब्रुवारी 2002 मधल्या चौकशी अहवालानुसार हे अंकुश नीट राबवले गेलेच नाहीत, आणि फास्टो यांना या संस्थांतून किमान 3 कोटी डॉलर मिळाले. नियम काटेकोर आणि अपवाद “हिताला बाधा नसल्यास”. म्हणजे दारातून काढलेली घोषणा खिडकीतून परत आली.

त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानं अशी मोकळीक देण्यावर बंदी घातली नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांसाठीच्या संहितेत बदल केला किंवा सूट दिली तर ती लगेच जाहीर करायला लावली. आपल्या कलमातही मी तेवढंच घालीन: सूट कोण देणार, ती फक्त एका व्यवहारापुरती, कारण लेखी, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवायची.

मसुदा झाला की मंजुरीला पाठवण्याआधी एक काम करा. गेल्या काही वर्षांतल्या तक्रारी घ्या, नावं काढून टाका, आणि मसुदा लिहिताना हजर नसलेल्या तिघांना वेगवेगळं बसवून निकाल लिहायला सांगा. जिथं तिघांची उत्तरं जुळत नाहीत तिथं त्यांनी कुठल्या शब्दावर बोट ठेवलं ते विचारा, आणि तेवढं वाक्य परत लिहायला घ्या.