हीट व्हीलचा हिशोब: 44 डिग्रीची हवा आत येताना किती होते

(नागपुरात एअर कंडिशनिंगचं काम करणाऱ्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नवतपा म्हटलं की इथे कोणाला वेगळं सांगायला नको, बाहेर 44 डिग्री आणि ऑफिसात 26. आता त्या ऑफिसात माणसं बसलीत म्हणजे ताजी हवा आत घ्यावीच लागते आणि जेवढी घेतली साधारण तेवढी बाहेरही सोडावी लागते, म्हणजे एकीकडे आपण वीज जाळून थंड केलेली 26 ची हवा छतावर फेकतोय आणि तिच्याच बाजूच्या डक्टमधून 44 ची हवा आत ओढतोय. या दोन डक्टच्या मधे फिरतं ते हीट व्हील. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चकती, अर्धी एक्झॉस्टमधे आणि अर्धी फ्रेश एअरमधे, मिनिटाला साधारण 10 ते 20 फेरे. एक्झॉस्टमधे असताना पत्रा थंड होतो, फिरून पलीकडे गेला की येणाऱ्या गरम हवेची उष्णता शोषून घेतो आणि पुन्हा एक्झॉस्टमधे येऊन ती सोडून देतो, बस एवढंच काम.

आता कॅटलॉगमधे लिहिलेलं असतं इफेक्टिव्हनेस 75 टक्के. आपल्याकडे बहुतेक जण लगेच काय करतात, 44 वजा 26 म्हणजे 18, त्याचे 75 टक्के साडेतेरा, मग सप्लाय साडेतीस. हे फक्त दोन्हीकडून सारखीच हवा जात असेल तरच खरं. प्रत्यक्षात एक्झॉस्ट जवळजवळ नेहमी कमी असतो, कारण टॉयलेटची आणि पॅन्ट्रीची हवा वेगळ्या पंख्याने थेट बाहेर जाते, ती व्हीलकडे येतच नाही, शिवाय बाहेरची धूळ दारातून घुसू नये म्हणून बिल्डिंगमधे थोडं प्रेशर ठेवायचं असतं.

आपण वर्धा रोडवरचं एक ऑफिस धरू. फ्रेश एअर तासाला 6000 किलो, व्हीलमधून जाणारा एक्झॉस्ट 4800 किलो. मी मुद्दाम किलोत बोलतोय, कारण 44 ची हवा 26 च्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे नुसते क्युबिक मीटर किंवा सीएफएम बरोबर धरले तर हिशोब थोडा सरकतो. इफेक्टिव्हनेस म्हणजे काय, तर जास्तीत जास्त जेवढी उष्णता देता-घेता आली असती त्यातली खरी किती दिली-घेतली गेली, आणि ती जास्तीत जास्त मर्यादा ठरवते कमी असलेली हवा, कारण ती फार तर 26 ची 44 होऊ शकते, त्यापुढे तिच्यात जागाच नाही. म्हणून सूत्र असं:

सप्लाय = बाहेरचं − इफेक्टिव्हनेस × (कमी हवा ÷ फ्रेश हवा) × (बाहेरचं − एक्झॉस्ट)

म्हणजे 44 − 0.75 × 0.8 × 18, उत्तर 33.2. साडेतीस नाही. आणि पलीकडून एक्झॉस्ट 26 + 0.75 × 18 म्हणजे 39.5 होऊन बाहेर पडतो. आता पडताळा बघा, 6000 किलो 10.8 डिग्रीने थंड झाली आणि 4800 किलो 13.5 ने गरम झाली, दोन्हीचा गुणाकार 64800. हा पडताळा कागदावर नेहमी करा, मग साइटवरही करायची सवय लागते. किलोवॉटमधे हे 18 च्या आसपास, म्हणजे पाच टन कुलिंग, आणि ही बचत भर दुपारी, जेव्हा चिलरला सगळ्यात जास्त त्रास असतो तेव्हा. एक लक्षात ठेवा, कॅटलॉगचा आकडा बहुतेकदा दोन्हीकडे सारखी हवा धरून असतो, एक्झॉस्ट कमी झाला की कमी हवेच्या हिशोबाने तो थोडा वर जातो, म्हणून कंपनीकडून आपल्या दोन फ्लोचाच आकडा मागून घ्यायचा.

आता साइटवर मोजायचं कसं, इथे खरी गडबड होते. पहिली गोष्ट, व्हीलच्या मागे एकच प्रोब लावून तापमान घेऊ नका. पत्रा एक्झॉस्टमधून नुकताच फ्रेश बाजूला आलेला असतो तिथे तो सगळ्यात थंड असतो आणि बाजू सोडायच्या आधी सगळ्यात गरम, म्हणून त्याच तोंडावर एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला बरेच डिग्री फरक दिसतो, प्रोब कुठे लागला त्यावर तुमचा इफेक्टिव्हनेस 60 पण येईल आणि 90 पण. पूर्ण तोंडावर जाळीसारखे पॉइंट घेऊन सरासरी काढा. आणि पंख्याच्या आधी मोजा, पंख्याची उष्णता मिसळली की रीडिंग उगाच वर जातं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे, कारण ती दिसायला चांगली दिसते. धरा आपल्या ऑफिसात सरासरी नीट काढली आणि सप्लाय आला 31.8. हिशोब 33.2 चा होता, मग इफेक्टिव्हनेस 12.2 भागिले 14.4, जवळजवळ 85 टक्के! सगळे खूश, बिल पास. पण व्हील कॅटलॉगपेक्षा इतकं चांगलं चालेल कसं? असा आकडा दिसला की मी आधी गळती शोधतो. सील झिजलेत किंवा पंखे चुकीच्या जागी आहेत, आणि 26 ची वापरलेली हवा सरळ सप्लायमधे घुसतेय.

हे पकडायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर पुरतो. तीन ठिकाणी मोजा, बाहेर 420 पीपीएम, एक्झॉस्टमधे 920, व्हीलनंतरच्या सप्लायमधे 520. आता 520 वजा 420 म्हणजे 100, भागिले 920 वजा 420 म्हणजे 500, तर 20 टक्के. म्हणजे सप्लायमधली पाचवा हिस्सा हवा ऑफिसातलीच आहे, 6000 किलोत ताजी फक्त 4800. ती वजा करून बघा, 31.8 मधून 26 चे 20 टक्के म्हणजे 5.2 काढा, उरले 26.6, भागिले 0.8, आलं साधारण 33.2. म्हणजे ताज्या हवेला व्हीलने आधी हिशोब केला होता तेवढंच थंड केलं, बाकीची थंडाई गळतीची होती. गळतीमुळे दोन्हीकडचे फ्लोही बदलतात त्यामुळे दशांशापर्यंत भांडू नका, पण चित्र हेच.

याचं कारण बहुतेकदा पंखे. हवा जास्त प्रेशरकडून कमीकडे जाते. एक्झॉस्टचा पंखा व्हीलच्या आधी बसवून ढकलतोय आणि सप्लायचा पंखा व्हीलनंतर बसून ओढतोय, तर एक्झॉस्टची बाजू प्रेशरमधे आणि फ्रेशची बाजू सक्शनमधे, मग कितीही नवीन सील लावा, घाण हवा आत येणारच. व्हीलपाशी फ्रेश बाजूचं प्रेशर एक्झॉस्टपेक्षा जास्त राहील अशी मांडणी हवी, पर्ज सेक्टरही तेव्हाच काम करतो. पर्ज म्हणजे पत्र्याच्या भोकांत अडकलेली एक्झॉस्टची हवा बाजू बदलायच्या आधी थोड्या ताज्या हवेने मागे धुवून टाकायची सोय. मॅनोमीटर लावून चारी बाजूंचं प्रेशर घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

एका भाऊंनी विचारलं की नागपूरला साधं व्हील घ्यावं की ओलावा शोषणारं कोटिंग असलेलं. मे मधे फरक जवळजवळ नाही भाऊ, 44 डिग्री आणि 18 टक्के आर्द्रतेला हवेत किलोमागे साडेदहा ग्रॅमच्या आसपास पाणी, 26 च्या खोलीत 50 टक्क्यांनाही तेवढंच, देवाणघेवाण करायला काही नाही. जुलैत उलटं होतं. बाहेर 30 डिग्री, 85 टक्के, पाणी 24 ग्रॅम, आणि खोलीत 11. तापमानाचा फरक फक्त चार, साधं व्हील सप्लाय 27.6 करून देईल, म्हणजे चार किलोवॉट. कोटिंगवाल्याचा ओलाव्याचा इफेक्टिव्हनेस 70 टक्के धरला तर आपल्या फ्लोला किलोमागे सात ग्रॅमच्या वर पाणी बाहेरच थांबतं, ते झालं 30 किलोवॉट. म्हणून कोटेशन घेताना तापमानाचा आणि ओलाव्याचा इफेक्टिव्हनेस वेगवेगळा लिहून घ्या, आणि जुलैत एकदा जाऊन सप्लायमधली आर्द्रताही मोजा, कारण कोटिंगवर धूळ-तेल बसून ते कामातून गेलं तर मे महिन्याचं तापमानाचं रीडिंग ते कधीच दाखवणार नाही.