पाण्याची रेल्वे टीव्हीवर: प्रेक्षकांच्या मुलाखती आखताना

(लातूर येथे माध्यमविद्येच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

प्रेक्षक टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा अर्थ कसा लावतात, याची स्टुअर्ट हॉल यांनी सांगितलेली तीन वाचनं तुम्हाला पाठ आहेत. बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रात असताना 1973 साली त्यांनी ती एका निबंधात मांडली. कार्यक्रम करणारे त्यात एक अर्थ भरतात, ते एन्कोडिंग. पाहणारे तो उलगडतात, ते डिकोडिंग. आणि दोन्ही अर्थ जुळतीलच असं नाही. जुळले तर प्रभुत्ववादी वाचन, थोडे जुळले तर वाटाघाटीचं, चौकटच झुगारली तर विरोधी. इथवर ठीक. पण प्रबंधाला बसलात की तुम्ही काय करता? ज्याला कार्यक्रम आवडला तो पहिल्या खान्यात, ज्यानं 'बरा आहे' म्हटलं तो दुसऱ्या, आणि जो वैतागला तो तिसऱ्या. हॉल यांना हे अभिप्रेतच नव्हतं.

त्यांचंच उदाहरण घ्या. पगारवाढीला लगाम घालावा का, अशी टीव्हीवर चर्चा चालली आहे. एक कामगार म्हणतो, देशासाठी हे गरजेचं आहे खरं. आणि स्वतःच्या कारखान्यात पगारासाठी संपही करतो. हे वाटाघाटीचं वाचन. दुसरा कामगार चर्चेत जिथं जिथं 'राष्ट्रहित' ऐकतो तिथं तिथं 'मालकांचं हित' असं ऐकतो. हे विरोधी वाचन. लक्षात घ्या, या दुसऱ्याला चर्चा नीट कळलेली आहे, आणि तो आवाज चढवून बोलेलच असंही नाही. आपलं आजचं सगळं काम याच फरकाभोवती आहे: मुलाखतीत हा फरक पकडायचा कसा?

उदाहरण आपल्याच गावचं घेऊ. एप्रिल 2016. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिली गाडी 10 वाघिणींची, सुमारे 5 लाख लिटरची. पुढं 50 वाघिणींच्या गाड्या आल्या. समजा, त्या दिवसांतली दोन मिनिटांची एक बातमी आपण अभ्यासाला घेतली. सुरुवातीला भेगाळलेली जमीन, मग रिकाम्या घागरींची रांग, मग इंजिनाला हार, मग अधिकाऱ्याची मुलाखत, शेवटी नळाखाली भरणारी घागर आणि तिच्याकडं पाहणारं लेकरू.

मुलाखतींना जाण्याआधी या दोन मिनिटांवर आठवडा घालवा. एकेक दृश्य वहीत उतरवा. कोणाचं नाव आणि हुद्दा पडद्यावर येतो? अधिकाऱ्याचा येतो, रांगेतल्या बाईच्या नावाच्या जागी नुसतं 'स्थानिक महिला' येतं. बातमी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? पाणी कोणी आणलं, किती आणलं. कोणता प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही? धरण रिकामं का झालं. मग एक दृश्य मनातल्या मनात बदलून बघा. भेगाळलेल्या जमिनीऐवजी पहिल्या फ्रेममध्ये हिरवागार ऊस असता तर? त्याच रेल्वेचा अर्थ पालटतो. म्हणजे दुष्काळाला निसर्गाचा कोप ठरवायचं काम ती भेगाळलेली जमीन करते आहे. एवढं झालं की बातमीला अपेक्षित असलेला अर्थ दोन-तीन वाक्यांत लिहा: 'पाऊस रुसला, लोक हतबल झाले, यंत्रणा धावून आली.' तुमच्या दोन मित्रांना तुमचं न दाखवता हेच करायला सांगा. तिघांचं जुळलं नाही, तर बातमीचा अर्थ तुम्ही समजत होता तेवढा बंदिस्त नाही.

हे लिहून, तारीख घालून बाजूला ठेवायचं. कारण मुलाखती झाल्यावर अपेक्षित अर्थ ठरवायला बसलात, तर बहुसंख्य लोक जे बोलले तोच तुम्ही 'अपेक्षित' म्हणून लिहाल, आणि मग बहुसंख्य लोक प्रभुत्ववादी निघतील. आपणच फासा टाकायचा आणि आपणच दान मोजायचं, असला हा खेळ.

आता माणसं निवडायची. ब्रिटिश माध्यम-अभ्यासक डेव्हिड मोर्ली यांनी बीबीसीच्या 'नेशनवाइड' या कार्यक्रमावर जो अभ्यास केला, जो 1980 मध्ये पुस्तकरूपानं आला, त्यात 29 गट होते: बँकेचे व्यवस्थापक, शिकाऊ कामगार, युनियनचे पदाधिकारी, कृष्णवर्णीय विद्यार्थी असे. हे गट आधीपासून एकत्र असलेले होते, अभ्यासासाठी गोळा केलेले नव्हते. आपणही तसंच करू. लातूर शहरातल्या, तेव्हा टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचा बचत गट. औसा-रेणापूरकडचे ऊस लावणारे शेतकरी. आणि तिसरा गट ऊसतोड मजुरांचा. प्रत्येक प्रकारचे निदान दोन गट घ्या, एका गटात पाच-सहा माणसं. एकेकच गट घेतला, तर फरक शेतकरी आणि मजूर यांच्यात आहे, की या विशिष्ट टपरीवर बसणाऱ्या सहा जणांत आणि त्या विशिष्ट सहा जणांत, हे सांगता येणार नाही.

वेळापत्रकाचंही भान ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. जानेवारीत त्यांच्या बंजारा तांड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि लेकरं भेटतील, आणि तुमचा अहवाल म्हणेल की मजुरांना बातमीत रस नव्हता. उन्हाळा सरताना किंवा पावसाळ्यात जा. तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली जाणणारा सोबती बरोबर हवा, कारण तुम्हाला मराठीत दिलेलं उत्तर आणि लगेच आपसांत गोरमाटीत झालेली शेरेबाजी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. माझ्या मते दुसरी जास्त मोलाची.

पण एवढ्यानं, सामाजिक स्थानावरून वाचन ठरतं या आपल्या गृहीतकाची परीक्षा होत नाही. समजा शेतकऱ्यांचा गट रेल्वेच्या बातमीवर खूश झाला आणि मजुरांचा झाला नाही. यावरून सामाजिक स्थानामुळं वाचन बदललं असं म्हणता येईल का? कदाचित मजुरांचा टीव्हीवरच विश्वास नसेल. म्हणून दुसरी बातमी हवी, जिचा अपेक्षित अर्थ वेगळा आहे. उदाहरणार्थ, मराठवाड्याचं पाणी उसानं संपवलं असं सांगणारी. मोर्ली यांनीही दोन वेगळे भाग वापरले होते, फक्त एक भाग 18 गटांना आणि दुसरा 11 गटांना दाखवला. आपण दोन्ही बातम्या प्रत्येक गटाला दाखवू, अर्ध्या गटांना उलट्या क्रमानं, कारण उसाची बातमी आधी पाहिलेला माणूस रेल्वेकडं त्याच डोळ्यांनी पाहतो. आता बघा काय होतं. रेल्वेच्या बातमीशी सहज एकरूप झालेले ऊसवाले तात्या उसाच्या बातमीला म्हणाले, 'हे शहरातल्या लोकांचं बोलणं. घागरीला पाणी कमी पडलं की शेतकऱ्यावर ढकलायचं', तर त्यांनी चौकट ओळखली आणि ती उलटवली. एकच माणूस, दोन वाचनं. म्हणजे वाचनाची जागा माणसाच्या कपाळावर लिहिलेली नाही. ती त्या माणसाच्या आणि त्या बातमीच्या नात्यात आहे. आणि एखादा गट दोन्ही बातम्यांना सारखाच धुडकावत असेल, तर तो अर्थाला नव्हे, टीव्हीलाच विरोध असू शकतो. ते वेगळं नोंदवायचं.

प्रश्नांचा क्रम सांभाळा. बातमी दाखवून लगेच 'पटलं का?' विचारलंत तर मावशी म्हणतील, 'व्हय, चांगलं हाय की.' पाहुण्याला वाईट कोण वाटू देणार? पहिला प्रश्न असा ठेवा: 'शेजारच्या काकूंनी हे पाहिलं नाही असं समजा, त्यांना काय सांगाल?' आणि गप्प बसा. त्या काय आधी सांगतात, काय गाळतात, 'आपल्याकडं पाणी आलं' म्हणतात की 'त्यांनी लातूरला पाणी नेलं' म्हणतात, हे सगळं इथंच मिळतं. दुसरा प्रश्न: 'बातमी करणाऱ्याला काय सांगायचं असेल?' मत विचारायचं ते तिसऱ्यांदा. दुसऱ्या गटात काय बोललं गेलं ते अगदी शेवटी पुढं ठेवा, आधी नाही. 'विरोध', 'राजकारण', 'सरकार' हे शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत तुमच्या तोंडून येता कामा नयेत.

या क्रमाचा उपयोग नोंदी लावताना कळतो. दोन उत्तरं घेऊ. रचलेली आहेत, पण अशी उत्तरं येतात. एक भाऊ तावातावानं म्हणतो, 'दोन महिने उशिरा आणली रेल्वे! आन् एवढ्याशा पाण्यानं काय होतंय? रोज चार गाड्या पाठवायच्या होत्या.' दुसऱ्या एक आजी शांतपणे म्हणतात, 'पाणी आलं, बरं झालं बाबा. पर मांजराचं पाणी कुटं गेलं, ते काय दाखवलं न्हाई ह्यांनी.' बहुतेक विद्यार्थी भाऊंना विरोधी खान्यात टाकतात आणि आजींना प्रभुत्ववादी. दोन्ही खाने चुकले. भाऊंनी बातमीचा प्रश्न जसाच्या तसा स्वीकारला: पाणी आणायचं असतं आणि यंत्रणेनं आणायचं असतं. त्यांची तक्रार कमी पडल्याची आहे; फार तर वाटाघाट. आजींनी बातमी ज्या प्रश्नावर गप्प आहे तोच काढला. मात्र त्या एका वाक्यावरून त्यांना विरोधी ठरवू नका. 'मग कुठं गेलं असेल, आजी?' एवढंच विचारा. 'देवाला म्हाईत' म्हणाल्या तर एक अर्थ, कारखान्याकडं बोट केलं तर दुसरा.

म्हणून नोंदवहीत एकच रकाना नको. समजलं का, अपेक्षित अर्थ ओळखला का, तो पटला का, आणि आपल्याला लागू वाटला का, हे चार रकाने वेगळे ठेवा. मोर्ली यांनी पुढं स्वतःच कबूल केलं की समजणं आणि पटणं या गोष्टी त्या तीन वाचनांत एकमेकींत मिसळल्या गेल्या. शेवटचा रकानाही त्यांच्याच निष्कर्षांतून येतो. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कार्यक्रमाशी वाद घातला नाही. तो त्यांच्या जगाचा नव्हताच. उलट बँक व्यवस्थापकांना त्यातली मतं इतकी स्वाभाविक वाटली की ते मतांवर बोललेच नाहीत, मांडणीच्या ढंगावर बोलले. दोन्हीकडं आशयाबद्दल शांतता, कारणं उलट. तांड्यावर कोणी म्हणालं, 'ते शहराचं पाणी, आमचं न्हाई', तर चौथ्या रकान्यात खूण करा आणि तिथंच आणखी विचारा.

या आराखड्यात दोन अडचणी उरतात. 2016 ची बातमी आज पाहणारा माणूस नंतरचं सगळं जाणतो. त्यामुळं तुम्ही आजचं वाचन अभ्यासताय, तेव्हाचं नाही, हे शीर्षकातच लिहा. दुसरी अडचण गटाची. सासूसमोर सून, सरपंचांसमोर सालगडी मोकळं बोलत नाही. प्रत्येक गटातल्या दोघांना, शक्यतो कमी बोललेल्यांना, आठवड्यानं एकट्यानं भेटा, बातमी पुन्हा न दाखवता आठवून सांगायला लावा. गटातलं आणि एकांतातलं उत्तर जुळलं नाही तर दोन्ही ठेवा. कोणतं खरं हे ठरवत बसू नका. आणि एकाच प्रकारच्या दोन गटांतला फरक शेतकरी-मजूर यांच्यातल्या फरकाएवढाच निघाला, तर स्थानावरून वाचन ठरतं हे तुमचं गृहीतक या माहितीवर टिकलं नाही, असं प्रबंधात सरळ लिहा. तो निकालही परीक्षकाला चालतो. चालत नसेल तर परीक्षक बदला.